चि. अमेयच्या परिचयपत्रावरील अभिप्राय

प्रिय नंदा आणि विजयराव यांस सप्रेम नमस्कार.

तुम्ही पाठवलेले अमेयचे परिचयपत्र, त्यासोबतची तीन छायाचित्रे आणि विवाहविषयक संकेतस्थळावर भरलेल्या माहितीची प्रत मी काळजीपूर्वक वाचली. दादरच्या वधू-वर सूचक केंद्रात अनेक वर्षे अशी पत्रे हाताळल्यामुळे तुम्ही माझे मत मागितलेत, म्हणून ते मोकळेपणाने लिहिते. परिचयपत्राकडे मी दोन प्रश्न मनात धरून पाहते. पहिला प्रश्न असा की, हे वाचून येणाऱ्या घराला पुढे कधी ‘आम्हाला वेगळे सांगितले होते’ असे म्हणावे लागेल का? दुसरा असा की, लग्नाशी काही संबंध नसलेला माणूस हे वाचून तुमच्या दारापर्यंत किंवा बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचू शकेल का? तुमच्या पत्रात आज दोन्ही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी आहेत.

सर्वांत गंभीर गोष्ट प्रथम सांगते. संकेतस्थळावर वैवाहिक स्थितीच्या रकान्यात ‘अविवाहित’ निवडले आहे आणि पीडीएफमध्ये मात्र ‘निर्दोष घटस्फोटित’ असे लिहिले आहे. ‘घटस्फोटित’ निवडल्यास स्थळे कमी येतात, हे नंदाचे म्हणणे खरे आहे. परंतु जी स्थळे खोट्या रकान्यामुळे येतील, ती पहिल्याच फोननंतर परत जातील आणि जाताना चार घरी सांगतील. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 नुसार, जोडीदाराविषयीची महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून फसवणुकीने संमती मिळवली असेल, तर विवाह रद्द ठरवण्यासाठी न्यायालयात जाता येते. तुम्ही बोलणी पुढे जाताच सर्व सांगणार होतात, याविषयी मला शंका नाही. तरीही तो रकाना आजच दुरुस्त करा. या एका गोष्टीत ‘नंतर सांगू’ चालत नाही, कारण समोरच्या घराचा पहिला निर्णयच त्यावर ठरतो.

आता ‘निर्दोष’ या विशेषणाविषयी. आपल्याकडील जाहिरातींत ते सर्रास दिसते, पण एक निर्दोष म्हटला की दुसरी व्यक्ती आपोआप दोषी ठरते. त्यापुढे विजयरावांनी ‘मुलीच्या हट्टी स्वभावामुळे व तिच्या माहेरच्या हस्तक्षेपामुळे’ असेही लिहिले आहे. वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाने 2022 मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट मंजूर केला, तेव्हा कोणाचा दोष हे तेथे ठरलेच नाही. ती मुलगीही याच शहरात राहते, तिचेही पुढे आयुष्य आहे आणि तिच्याविषयीची आपली बाजू शेकडो अनोळखी मोबाईलवर फिरवण्याचा आपल्याला अधिकार नाही. शिवाय जाणती माणसे हे वाक्य वाचून तिच्याविषयी नव्हे, तर आपल्याविषयी मत बनवतात. लग्न 2019 मध्ये झाले, 2022 मध्ये परस्पर संमतीने घटस्फोट झाला, अपत्य नाही आणि पोटगीचे देणे शिल्लक नाही, एवढे चार तपशील पुरेसे आहेत. ‘अल्पकालीन विवाह’ हेही काढावे. चौदा महिने एकत्र राहिलेल्या संसाराला कोणी अल्प म्हणेल, कोणी म्हणणार नाही, तेव्हा वर्षे लिहून मोकळे व्हावे. हुकूमनाम्याची प्रत पत्रासोबत जोडू नका. दोन्ही घरे प्रत्यक्ष भेटल्यावर ती समोर ठेवा.

याच संदर्भात दुसरे छायाचित्र ताबडतोब काढून टाका. ते पहिल्या लग्नातील आहे, हे कापूनही लपलेले नाही. अमेयच्या उजव्या बाहीला टेकलेला हिरव्या चुड्याचा हात कोपरापर्यंत स्पष्ट दिसतो. तिसऱ्या छायाचित्रात गळ्यातील ओळखपत्र मोठे करून पाहिले, तर कंपनीचे नाव आणि कर्मचारी क्रमांक वाचता येतो. पहिले छायाचित्र चांगले आहे, मात्र ते सहा वर्षांपूर्वीचे असून आता त्याचे केस विरळ झाले आहेत. या रविवारी उजेडात दोन साधी छायाचित्रे काढा, एक चेहऱ्याचे आणि एक पूर्ण उभे. मागे इमारतीची पाटी किंवा गाडीचा क्रमांक येणार नाही एवढे पाहा.

उंची 5 फूट 9 इंच लिहिली आहे. अमेय 5 फूट 7 इंच आहे आणि बघण्याच्या कार्यक्रमात तो दारातून आत येताच ते कळणार आहे. शिक्षणात ‘बी.ई. मेकॅनिकल, मुंबई विद्यापीठ’ हे योग्य आहे. पण त्याने केलेला वर्षभराचा ऑनलाइन अभ्यासक्रम ‘एमबीए’ म्हणून लिहू नये, ‘वित्त व्यवस्थापनाचा एक वर्षाचा ऑनलाइन अभ्यासक्रम’ असे लिहावे. पदनाम ‘मॅनेजर’ नसून ‘डेप्युटी मॅनेजर’ आहे. 24 लाखांच्या पॅकेजमध्ये कामगिरीवर अवलंबून असलेला भाग धरला आहे आणि तो दरवर्षी पूर्ण मिळत नाही, असे अमेयनेच मला सांगितले. सार्वजनिक पत्रात नेमका आकडा देण्याची गरज नाही. ‘वार्षिक निश्चित वेतन 18 ते 20 लाखांच्या दरम्यान’ हे खरेही आहे आणि पुरेसेही.

घराच्या ओळीवर मात्र थांबावे लागेल, कारण मुंबईत स्थळाचा निम्मा विचार त्या ओळीवर होतो. ‘मुलुंड पूर्वेला स्वतःचा दोन बेडरूमचा फ्लॅट’ असे लिहिले आहे. फ्लॅट विजयरावांच्या नावावर आहे, इमारत पुनर्विकासासाठी पाडलेली आहे आणि सध्या तुम्ही विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्यावर नाहूरला राहता. यात कमीपणाचे काहीही नाही. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत असंख्य कुटुंबे आज अशीच राहत आहेत. परंतु लग्न होऊन येणारी मुलगी पहिली काही वर्षे भाड्याच्या घरात, सासू-सासऱ्यांसोबत राहणार आहे, हे तिला होकार देण्यापूर्वी माहीत असलेच पाहिजे. नव्या इमारतीचा ताबा कधी मिळेल याचे वर्ष लिहू नका. ते आपल्या हातात नाही.

‘विवाह जमल्यास गावच्या घराचा अर्धा हिस्सा मुलाच्या नावे करण्यात येईल’ हे वाक्य विजयरावांनी प्रेमाने लिहिले असले, तरी ते पूर्ण वगळावे. हुंडा प्रतिबंधक कायदा, 1961 याच्या कलम 4 अ नुसार, मुलाच्या किंवा मुलीच्या विवाहाच्या मोबदल्यात मालमत्तेतील हिस्सा देऊ करणारी जाहिरात हा गुन्हा आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. अमेयला जे द्यायचे ते अवश्य द्या. त्याचा परिचयपत्राशी संबंध नको.

आता खरी असूनही सार्वजनिक करू नये अशी माहिती. पूर्ण नाव, जन्मतारीख, मिनिटापर्यंतची जन्मवेळ, जन्मस्थळ आणि मामेकुळ हे सर्व एका पानावर आहे. पत्रिका जुळवण्यासाठी हे लागते हे मला मान्य आहे, पण ते पहिल्या बोलण्यानंतर त्या एका घराला द्यावे. ई-आधारची पीडीएफ उघडण्याचा पासवर्ड म्हणजे इंग्रजीतील नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष. म्हणजे अमेयच्या बाबतीत `AMEY1991`. अनेक बँकांच्या खातेउताऱ्यांचे पासवर्डही नाव आणि जन्मतारीख यांतूनच तयार होतात. मामेकुळातून नंदाचे माहेरचे आडनाव कळते, आणि ‘आईचे माहेरचे आडनाव’ हा ओळख पटवण्यासाठी विचारला जाणारा जुना प्रश्न आहे. पत्रात फक्त वय, रास, नक्षत्र, गोत्र आणि ‘मंगळ नाही’ एवढेच ठेवा. आधारकार्डाची प्रत तर पीडीएफमधून लगेच काढा. संकेतस्थळाला ओळख पडताळणीसाठी हवीच असेल, तर पहिले आठ अंक झाकलेले आधार उतरवून फक्त त्यांनाच द्या.

नाहूरच्या इमारतीचे नाव, मजला आणि खोली क्रमांक, तसेच ‘आईवडील दोघे निवृत्त, दिवसभर घरीच’ हे एकत्र वाचल्यावर मला भीती वाटली. उपनगराचे नाव पुरेसे आहे. संपर्कासाठी श्रुतीचा मोबाईल दिला आहे, तिला विचारले होते का? एकवीस वर्षांच्या मुलीचा क्रमांक भावाच्या स्थळासाठी अनोळखी लोकांत फिरवू नये. तिच्या महाविद्यालयाचे नाव आणि काकांचे पोलीस खात्यातील पद व ठाणे हेही वगळा. विजयरावांच्या नावे वेगळे सिमकार्ड घ्या, ते बँकेला जोडू नका आणि तोच क्रमांक द्या. त्यावर कोणी पैसे, ओटीपी किंवा पार्सल सोडवण्याचे शुल्क मागितले, तर बोलणी थांबवून 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

‘प्रकृती पूर्ण निरोगी’ या ओळीविषयी मी बराच विचार केला. अमेयला दोन वर्षांपासून मधुमेहाची गोळी सुरू आहे. हे जाहीर पत्रात लिहिण्याचे कारण नाही, पण त्याच्या उलटही लिहिता येत नाही. ती ओळ काढा आणि दोघांच्या दुसऱ्या भेटीआधी अमेयने स्वतः त्या मुलीला सांगावे. मध्यस्थाने नाही, नंदाने नाही.

अपेक्षांमध्ये ‘गोरी, घर सांभाळून नोकरी करणारी, मनमिळाऊ’ असे लिहिले आहे. रंगाचा उल्लेख काढा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. ‘मनमिळाऊ’ने काहीच कळत नाही. अमेयशी मी फोनवर बोलले, तेव्हा तो म्हणाला, “मावशी, तिने नोकरी सोडू नये असे मला वाटते, आणि स्वयंपाक मी निम्मा करतो, हे कोणी लिहिलेच नाही.” ते लिहायला हवे, सगळ्या पत्रात त्याचे स्वतःचे असे तेवढेच आहे.

या सर्व दुरुस्त्यांसह मजकूर पुढीलप्रमाणे असावा:

“अमेय, वय 34, उंची 5 फूट 7 इंच. बी.ई. मेकॅनिकल (मुंबई विद्यापीठ), वित्त व्यवस्थापनाचा एक वर्षाचा ऑनलाइन अभ्यासक्रम. खासगी कंपनीत डेप्युटी मॅनेजर, वार्षिक निश्चित वेतन 18 ते 20 लाखांच्या दरम्यान. घटस्फोटित: विवाह 2019, परस्पर संमतीने घटस्फोट 2022, अपत्य नाही, पोटगीचे देणे नाही. आईवडील निवृत्त, धाकटी बहीण शिकत आहे. मुलुंड पूर्व येथे वडिलांच्या नावे सदनिका, इमारत पुनर्विकासात. सध्या जवळच भाड्याच्या घरात एकत्र वास्तव्य. रोजच्या स्वयंपाकात बरोबरीने हात असतो. रविवारी सह्याद्रीत भटकंती. जोडीदाराने आपली नोकरी सुरू ठेवावी अशी इच्छा. अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा, कोणत्याही मुलीचे स्थळ विचारात घेऊ. रास, नक्षत्र व गोत्र सोबत दिले असून मंगळ नाही. पत्रिका प्राथमिक बोलण्यानंतर देऊ.”

शेवटच्या दोन अपेक्षांवर अमेयचा होकार घ्या आणि मगच हे पाठवा. जुनी पीडीएफ ज्ञातीच्या दोन व्हॉट्सॲप गटांवर गेली आहे, असे नंदा म्हणाली. ती परत आणता येणार नाही. तरीही गटप्रमुखांना फोन करून ती काढून टाकण्यास सांगा आणि नव्या पत्रावर ‘सुधारित’ असे लिहून तारीख घाला, म्हणजे कोणाच्या हाती दोन्ही आली तरी कोणते खरे धरायचे ते कळेल. नवी छायाचित्रे काढलीत की मला पाठवा, मी त्याच दिवशी पाहून कळवते.

तुमची,
शोभाताई