50 किलोवॅट सोलरचे कोटेशन: दराबाबत

सतीशशेठ, नमस्कार.

काल रात्री तुमचा मेसेज वाचला. फोनवर बोलण्यापेक्षा लिहून पाठवतो, म्हणजे तुम्हाला भावालाही दाखवता येईल.

24 लाखांत दहा टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजार कमी करा, असं तुमचं म्हणणं आहे. शेठ, तेवढं कमी होणार नाही. दर 24 लाखच राहील. पहिल्याच कोटेशनला मी सौद्यासाठी वाढवून ठेवलेलं काही नव्हतं, म्हणून आता सोडायलाही काही नाही.

दुसऱ्या पार्टीचा कागद तुम्ही पाठवलात, तो नीट पाहिला. पॅनल त्यांचेही चांगले आहेत, त्यात खोट काढणार नाही. फरक पत्र्यावर आहे. त्यांनी छोटी रेल थेट पत्र्याला स्क्रू मारून बसवायचं धरलंय. तुमच्या मिलचा पत्रा जुना आहे. मी वर चढलो तेव्हा उत्तरेकडच्या कोन्याजवळ गंजून चाळणी झालेले चौदा पत्रे मोजले, फोटो तुमच्याकडे आहेतच. त्याच्या बरोबर खाली तुमच्या तुरीच्या थप्प्या लागतात. तिथे स्क्रूच्या भोकातून पाणी उतरलं तर नुकसान सोलरचं नाही, मालाचं. आमच्या दरात ते चौदा पत्रे बदलणं आहे, हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर आहे, आणि ते पत्र्यावर नाही तर खालच्या लोखंडी पट्ट्यांना बोल्टने पकडलेलं आहे, प्रत्येक भोकाला रबरी वॉशरसह. लातूरला वळवाच्या पावसाआधी कसलं वारं सुटतं, ते तुम्हाला मी काय सांगू!

दुसरी गोष्ट धुळीची. डाळ मिलचा भुसा आणि चुरी उडून पॅनलवर बसते, वर दव पडलं की तिचा चिकट थर होतो. तो बोअरच्या पाण्याने धुतला की क्षाराचे पांढरे डाग उरतात, ते घासूनही निघत नाहीत. म्हणून पॅनलच्या रांगांमध्ये चालायला पट्टी, धुण्याची पाइपलाइन आणि पाणी मऊ करणारं छोटं यंत्र आम्ही धरलंय. त्यांच्या कागदात यातलं काहीच नाही.

याचा हिशोब असा. किलोवॅटमागे दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर महिन्याला सहा हजार युनिट. तुमच्या बिलातला दर साडेआठ रुपये धरला, तर महिन्याला 51 हजार वाचतात. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. धुळीने दहा टक्के जरी उत्पादन घटलं, तर महिन्याला पाच हजारांवर पाणी. आज वाचवलेले 2 लाख 40 हजार चार वर्षांत असेच निघून जातील, आणि पॅनल तर पंचवीस वर्षांसाठी बसवतोय.

बाकीचं थोडक्यात: एका मोठ्या इन्व्हर्टरऐवजी पंचवीस-पंचवीसचे दोन, म्हणजे एक बंद पडला तरी अर्धं काम चालू. विजेसाठी वेगळं अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टर. महावितरणची नेट मीटरची फाइल आमच्याकडे, तुम्हाला ऑफिसच्या चकरा नाहीत. आणि तक्रार आली की माणूस दुसऱ्या दिवशी मिलवर, कारण आमचं दुकानच एमआयडीसीत आहे.

फटका डाळ साध्या डाळीच्या भावात मागितली तर तुम्ही काय म्हणाल, तेच मी म्हणतोय.

तरी अडचण रोकडीची असेल तर मार्ग आहे. तुरीचा हंगाम तोंडावर आहे, खरेदीला पैसा लागणार, हे मला कळतं. तसं असेल तर ऑर्डरला 30 टक्के, माल उतरल्यावर 40, काम चालू झाल्यावर 20 आणि शेवटचे 10 टक्के नेट मीटर बसल्यावर द्या. किंवा आत्ता 40 किलोवॅट बसवू, स्ट्रक्चर आणि केबल 50 ची ठेवू, उरलेले पॅनल पुढच्या वर्षी. त्याचं कोटेशन 20 लाख 10 हजार होईल, त्यात पत्रे आणि पाण्याची सोय तशीच राहील. ते दोन्ही काढून स्वस्त करायला मी तयार नाही. गळक्या छताचा फोन शेवटी मलाच येणार.

कोटेशन या महिन्याच्या 25 तारखेपर्यंत चालेल, त्यानंतर पॅनलचा भाव पुन्हा विचारावा लागेल. मंगळवारी अकराला मिलवर येतो. मागच्या वर्षभराची वीजबिलं काढून ठेवा, महिन्यागणिक हिशोब समोर बसून करू. औशाजवळच्या एका मिलवर आमचं असंच काम चालू आहे, बघायचं असेल तर त्याच दिवशी नेऊन आणतो. मालकांना विचारून ठेवलंय.

तुमचा,
बालाजी