केतकी, शनिवारच्या जर्मनच्या ए-वन परीक्षेसाठी एवढं वाच

केतकी, काल फोनवर तू रडवेली झालेलीस म्हणून लिहून पाठवतेय, आधी एक सांगते, डोक्यात इंग्रजीतून जर्मन करू नकोस, मराठीतून कर, खरंच सोपं जातं. एकतीस म्हणजे आधी एक मग तीस ना, जर्मनमध्येपण तसंच, आइन-उंट-ड्रायसिश. सत्तेचाळीस, झीबन-उंट-फिर्त्सिश. फक्त एकोणतीसवाल्या आकड्यांना फसू नकोस, तिथे ते सरळ नऊ-आणि-वीस म्हणतात.

बोलायला चारजण एकत्र बसवतात, साधारण पंधरा मिनिटं. पहिलं स्वतःची ओळख, कार्डावर नाव, वय, देश, गाव, भाषा, काम, हॉबी एवढेच शब्द असतात. तुझी ओळख ही, आरशासमोर म्हण:

"गुटन टाग! माइन नामे इस्ट केतकी जोशी. इश बिन आइनउंटड्रायसिश यारे आल्ट. इश कॉमे आउस इंडिअन उंट वोने इन नाशिक. इश श्प्रेशे मराठी, हिंदी, एंग्लिश उंट आइन बिसशन डॉइच. इश बिन आपोटेकरिन. इश बिन फरहायराटेट, माइन मान आर्बाइटेट इन श्टुटगार्ट. माइने हॉबीस झिंट कॉखन उंट लेझन."

मग स्पेलिंग विचारतात आणि एखादा नंबर. माझी दांडी इथेच उडालेली, ए ला इंग्रजीतला ए समजले आणि बाईंनी कागदावर माझं आडनाव भलतंच लिहिलं. तुझं असं: का, ए, टे, आ, का, ई. आडनाव: योट, ओ, एस, हा, ई. इंग्रजीतला आय इथे ई होतो आणि इंग्रजीतला ई इथे ए, हे दहा वेळा घोकच, मोबाईल नंबरपण एकेक आकडा करून.

दुसऱ्या भागात कार्डावरच्या शब्दावरून प्रश्न विचारायचा, समोरचा उत्तर देतो. तिसऱ्यात विनंती, खिडकीचं चित्र आलं तर "क्योनन झी बिटे डास फेन्स्टर आउफमाखन?" बघ, 'उघडणे' शेवटी आलं, आपल्यासारखं. आणि परीक्षकांना कायम झी, म्हणजे तुम्ही.

लिहायला वीस मिनिटं असतात. आधी फॉर्ममधल्या पाच जागा भरायच्या, मग तीस शब्दांचं पत्र, तीन मुद्दे दिलेले असतात, तिन्ही यायलाच हवेत, एक गाळलास तर मार्क गेले. पर्यटन ऑफिसला लिहायचं आलं तर असं:

"झेअर गेएर्टे डामन उंट हेरन, इश म्योश्टे इम माय श्टुटगार्ट बेझूखन. वास कान इश डोर्ट झेअन? हाबन झी आइनन श्टाटप्लान? इश ब्राउखे आउख होटेलआड्रेसन. फीलन डांक. मिट फ्रॉइंडलिशन ग्र्यूसन, केतकी जोशी"

कागदावर प्रत्येक नामाचं पहिलं अक्षर कॅपिटल, हे तू नेहमी विसरतेस. शंभरात साठ लागतात. उद्या रात्री नऊला फोन कर, मी परीक्षक होते, तू ओळख करून दे.