भरणा-वाद मिटल्यामुळे स्थगित विक्रेता खाते पुन्हा सुरू करण्याबाबत विनंती

दिनांक : १८ जुलै २०२५
वाळपई, ता. सत्तरी, गोवा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
विक्रेता सेवा विभाग

विषय : मागणी क्रमांक ७०४१८८२६ वरील भरणा-वाद खरेदीदाराने मागे घेतल्यामुळे आमचे स्थगित विक्रेता खाते पूर्ववत सुरू करण्याबाबत.

महोदय,

सत्तरी तालुक्यातील आम्ही सात महिला मिळून काजू भाजून, फोडून, सोलून डब्यांत भरतो आणि जुलै २०२२ पासून आपल्या संकेतस्थळावर विकतो. या तीन वर्षांत आमच्या खात्यावरून १,१४० मागण्या पूर्ण झाल्या आणि त्यांपैकी एकाही मागणीवर यापूर्वी बँकेमार्फत वाद उपस्थित झाला नव्हता. २४ मे रोजी मात्र आपण हे खाते स्थगित केले. ज्या तक्रारीवरून ही कारवाई झाली ती तक्रार स्वतः खरेदीदाराने मागे घेतली असून त्यांच्या बँकेने तसे लेखी कळवले आहे. एवढे होऊनही खाते आजतागायत बंद आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पुण्यातील एका खरेदीदार बाईंनी २६ एप्रिल रोजी सालासह भाजलेल्या काजूचे एक किलोचे दहा डबे मागवले आणि ११,८०० रुपये क्रेडिट कार्डाने भरले. २८ एप्रिलला आम्ही दोन खोकी आपल्याच कुरिअर सेवेच्या माणसाच्या हवाली केली. मोठ्या मागणीचा माल भरताना प्रत्येक डबा काट्यावर ठेवून, वजनाचा आकडा दिसेल असे चित्रीकरण करण्याची आमची पद्धत आहे. त्या दिवशीच्या चित्रफितीत दहाही डब्यांची वजने, तुकडी क्रमांक आणि खोक्यांवर चिकटवलेली पावती स्पष्ट दिसते. आपल्याच नोंदीनुसार २ मे रोजी माल ‘पोहोचला’ आहे. प्रत्यक्षात खरेदीदार त्या आठवड्यात घरातील लग्नासाठी गावी गेल्या होत्या आणि कुरिअरवाल्याने दोन्ही खोकी सोसायटीच्या फाटकावरील पहारेकऱ्याकडे दिली. त्या परतल्या तेव्हा दाराशी काही नव्हते, कोणी काही सांगितलेही नाही. त्यामुळे १० मे रोजी त्यांनी ‘माल मिळाला नाही’ अशी तक्रार स्वतःच्या बँकेकडे केली. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केले असते, आणि म्हणून त्यांच्याबद्दल माझ्या मनात कसलाही राग नाही.

माझी चूक पुढच्या टप्प्यावर झाली आणि ती मी मान्य करते. २० मे रोजी आपण नोंदणीकृत ईमेलवर सूचना पाठवून २३ मेपर्यंत पुरावे मागितले होते. त्याच आठवड्यात इकडे पावसाने झोडपून काढले, आमच्या वाड्यावर चार दिवस वीज नव्हती आणि मोबाईलला धड सिग्नलही नव्हता. ती सूचना मी २६ मे रोजी वाळपईला आल्यावर पाहिली आणि त्याच दुपारी पावती, वजनाची चित्रफीत व कुरिअरची नोंद पाठवून दिली. तोपर्यंत मुदत उलटली होती, रक्कम खरेदीदाराच्या कार्डावर परत गेली होती आणि खाते बंद झाले होते. खात्यावर दुसऱ्या कोणाचाही मोबाईल क्रमांक नोंदवलेला नव्हता, ही उणीव माझी. ती दूर करण्यासाठी गटातील एका सभासदाच्या, पणजीत नोकरी करणाऱ्या मुलीचा क्रमांक व ईमेल दुसरा संपर्क म्हणून नोंदवण्याची आमची तयारी आहे. खाते उघडल्याशिवाय मात्र तो बदल आम्हाला करता येत नाही.

९ जून रोजी त्या खरेदीदार बाईंचा मला स्वतःहून फोन आला. सोसायटीच्या कार्यालयातील टेबलाखाली दोन्ही खोकी बांधलेल्या अवस्थेत सापडली होती आणि डब्यावर छापलेला आमचा क्रमांक पाहून त्यांनी लगेच फोन लावला होता. फाटकावरील नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र त्यांनी पाठवले आहे. त्यावर २ मे, दुपारी चार वाजून दहा मिनिटे, ‘काजू, २ खोके’ अशी नोंद आणि पहारेकऱ्याची सही आहे. ११ जूनला त्यांनी बँकेला लिहून तक्रार मागे घेतली आणि १८ जूनच्या पत्राने बँकेने हा वाद बंद झाल्याचे कळवले. त्या पत्राची प्रत मी २० जूनला आपल्याकडे पाठवली. त्यापूर्वी २६ मे आणि २ जून रोजीही अर्ज केले होते. तिन्ही अर्जांना शब्दशः एकच उत्तर आले की, सुरक्षेच्या कारणास्तव निर्णय कायम आहे. तिसऱ्या अर्जासोबतचे बँकेचे पत्र कोणी उघडून पाहिले असते, तर तेच उत्तर आले असते असे मला वाटत नाही.

ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे, असे ई-वाणिज्याचे २०२० चे नियम सांगतात. ती मुदत ग्राहकांसाठी आहे, विक्रेत्यांसाठी नाही, याची मला जाणीव आहे. तरीही आमच्या कमाईचा एकमेव मार्ग बंद असताना आमच्या कागदांवर एकदा तरी माणसाची नजर पडावी, ही अपेक्षा गैरवाजवी नसावी.

विलंबाने आमचे काय नुकसान होत आहे, हेही आपल्यापुढे ठेवणे आवश्यक आहे. काजूचा आमचा हंगाम मे महिन्यात संपतो. वर्षभर विकायचा माल याच काळात बागवाल्यांना रोख पैसे मोजून घ्यावा लागतो आणि डबाबंद झाल्यापासून तो सहा महिन्यांत खपावा लागतो. सध्या आमच्याकडे १८० डबे पडून आहेत. त्यांतील निम्म्या डब्यांवर एप्रिलची तारीख आहे, म्हणजे त्यांचे तीन महिने गेले. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे आणि आमची सर्वांत मोठी विक्री त्याआधीच्या तीन आठवड्यांत होते. शिवाय वादाशी कसलाही संबंध नसलेल्या ३९ मागण्यांचे ४६,३५० रुपये आपल्याकडे अडकून आहेत. या विक्रीवर आपण नियमाप्रमाणे उगमस्थानी कापायचा कर वसूल करून सरकारजमा केला आणि ती विक्री आमच्या नावे दाखवली. त्यामुळे २० जूनपूर्वी जीएसटीआर-३बी भरताना तिच्यावरील बाकीचा जीएसटी आम्हाला पदरचे पैसे घालून भरावा लागला. जे पैसे हाती आलेच नाहीत त्यांच्यावरचा कर भरण्यासाठी दोघींना आपले दागिने पतसंस्थेत गहाण ठेवावे लागले.

म्हणून विनंती आहे की, आमचे खाते जुन्या अभिप्रायांसह आणि मालाच्या यादीसह तातडीने सुरू करावे, अडकलेले ४६,३५० रुपये नोंदणीकृत बँक खात्यात जमा करावेत आणि वाद मिटल्यामुळे बँकेकडून परत मिळणारे ११,८०० रुपये आमच्या खात्यावर दाखवावेत. पडताळणीसाठी काही दिवस खात्यावर मर्यादा घालणे आपल्याला योग्य वाटल्यास ती आम्ही मान्य करू. विनंती नाकारायची असल्यास करारातील कोणत्या कलमाचा आमच्याकडून भंग झाला आणि बँकेचे पत्र का ग्राह्य धरले नाही, हे लेखी कळवावे.

या पत्रासोबत मागणीची पावती, कुरिअरची नोंद, नोंदवहीच्या पानाचे छायाचित्र, खरेदीदाराने बँकेला लिहिलेले पत्र, बँकेचे १८ जूनचे पत्र आणि आमच्या अन्नसुरक्षा परवान्याची प्रत जोडली आहे. वजनाची चित्रफीत २६ मेच्या अर्जासोबत दिली होती. ती पुन्हा हवी असल्यास त्याच दिवशी पाठवीन. माझ्या नोंदणीकृत क्रमांकावर सकाळी दहा ते सायंकाळी सहापर्यंत संपर्क साधता येईल.

आपली विश्वासू,

सुनंदा गावस
गटप्रमुख व खातेधारक