ऋतुचक्राचा कालपट: अंडाशय आणि गर्भाशय एकाच रेघेवर

वहीचं कोरं पान आडवं धरा आणि तळाशी 28 सेंटिमीटर लांबीची रेघ काढा. एक सेंटिमीटर म्हणजे एक दिवस. या रेघेच्या वर चार पट्टे आखायचे. सगळ्यात वर पियूषिका ग्रंथीचे एफएसएच आणि एलएच हे हॉर्मोन, त्याखाली अंडाशयातली पुटिका, म्हणजे अंडपेशी जिच्यात वाढते ती पिशवी, त्याखाली अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन, आणि तळाला गर्भाशयाचं अस्तर, म्हणजे एंडोमेट्रियम.

हे चार आलेख बरेच विद्यार्थी सुटेसुटे पाठ करतात आणि परीक्षेत एकातली शिखरं दुसऱ्यात काढतात. खरं तर पाठ करण्यासारखं इथे फार थोडं आहे. पियूषिका अंडाशयाला चालवते, अंडाशयाचे हॉर्मोन गर्भाशयाचं अस्तर घडवतात आणि तेच हॉर्मोन रक्तातून मेंदूकडे जाऊन हायपोथॅलॅमस आणि पियूषिकेला आवरतात. फक्त एकदा, दोनेक दिवसांपुरते, ते आवरण्याऐवजी चेतवतात. ती जागा आपल्या कालपटाच्या मधोमध येईल. म्हणून कुठल्याही दिवशी पानावर उभी पट्टी धरायची आणि चारही पट्टे वरून खाली एका दमात वाचायचे.

दिवस 1 ते 5

रक्तस्राव डोळ्यांना दिसतो, म्हणून मोजणी तिथून सुरू होते. पण पहिल्या दिवसाला घडामोडींची सुरुवात समजू नका. त्याच्या थोडं आधीच मागच्या चक्रात फुटलेल्या पुटिकेचं झालेलं पीतपिंड सुकलेलं असतं, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन उतरलेले असतात आणि पियूषिकेवरचा लगाम सैल झालेला असतो. त्यामुळे एफएसएचची रेषा डाव्या कडेला शून्यातून काढू नका. ती आत शिरतानाच चढत असते.

तिसऱ्या दिवशी पट्टी उभी धरा. तळाच्या पट्ट्यात अस्तराचा वरचा, कार्यशील थर गळतो आहे आणि आधारथर मात्र जागेवर आहे. त्याच दिवशी अंडाशयात एफएसएचच्या जोरावर लहान पुटिकांचा नवा गट वाढू लागला आहे. गर्भाशय जुनं चक्र आवरतंय आणि अंडाशय नवं मांडतंय, हे वेगवेगळ्या आकृत्यांत कधीच दिसत नाही. एवढ्यासाठी तरी हा कालपट काढायलाच हवा, असं मला वाटतं.

दिवस 6 ते 11

पुटिकेत दोन प्रकारच्या पेशी मिळून काम करतात. बाहेरच्या थीका पेशी एलएचच्या सांगण्यावरून अँड्रोजेन बनवतात. आतल्या ग्रॅन्युलोसा पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून त्याचं इस्ट्रोजेन करतात. पुटिका वाढतात तसं इस्ट्रोजेन वाढतं आणि सोबत इनहिबिन बी नावाचं हॉर्मोनही येतं. दोघं मिळून एफएसएच खाली आणतात. म्हणून वरच्या पट्ट्यातली एफएसएचची रेषा इथे उतरती काढायची आणि तिसऱ्या पट्ट्यातली इस्ट्रोजेनची चढती.

एफएसएच कमी पडलं की गटातल्या बहुतेक पुटिका मागे पडून विरतात. जिच्यात एफएसएचचे ग्राही जास्त आहेत, ती मात्र थोडक्या एफएसएचवरही तग धरते. हीच प्रमुख पुटिका. ती दिवसाला साधारण 2 मिलिमीटरने वाढत अंडोत्सर्गाच्या सुमारास 18 ते 25 मिलिमीटरची होते.

गर्भाशयात या काळात इस्ट्रोजेनचं राज्य असतं. आधारथरातून पेशी पुन्हा वाढतात, ग्रंथी सरळ नळ्यांसारख्या लांबतात, अस्तर जाड होतं. तळाच्या पट्ट्याची उंची या टप्प्यात सर्वाधिक वाढवा.

दिवस 12 ते 14

इथे घाई करू नका. रक्तातलं इस्ट्रॅडिओल मिलिलिटरमागे सुमारे 200 पिकोग्रॅमच्या वर जाऊन जवळपास दोन दिवस तिथे टिकलं, की पियूषिकेचा प्रतिसाद उलटतो. तोवर दबलेला एलएच एकदम उसळतो. एफएसएचही वर येतं, पण त्याचं शिखर बुटकं काढा.

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. इस्ट्रोजेनचं शिखर, एलएचचं शिखर आणि अंडोत्सर्ग हे तिन्ही चौदाव्या दिवसाच्या एकाच उभ्या रेघेवर काढले जातात. त्यांचा क्रम असा: आधी इस्ट्रोजेनचं शिखर, साधारण एका दिवसाने एलएचचं शिखर आणि त्यानंतर 10 ते 12 तासांनी अंडोत्सर्ग. उसळी सुरू झाल्यापासून मोजलं तर अंडोत्सर्गाला सुमारे 34 ते 36 तास लागतात. या तासांत अंडपेशी, जन्माआधीपासून थांबलेलं पहिलं अर्धसूत्री विभाजन पूर्ण करते आणि दुसऱ्याच्या मध्यावस्थेत पुन्हा थांबते. दुसरं विभाजन फलन झालं तरच पूर्ण होतं.

एलएच शिखरावर असताना इस्ट्रोजेन उतरणीला लागलेलं असतं. तिसऱ्या पट्ट्यात ही दरी स्पष्ट दिसू द्या.

दिवस 15 ते 22

फुटलेल्या पुटिकेचं पीतपिंड होतं आणि एलएचच्या आधारावर ते प्रोजेस्टेरॉन स्रवतं. प्रोजेस्टेरॉनचा डोंगर रुंद काढा. त्याचा माथा अंडोत्सर्गानंतर साधारण सात दिवसांनी येतो. त्याच्याजवळ इस्ट्रोजेनचा दुसरा, पहिल्यापेक्षा ठेंगणा उंचवटा येतो. दोन्ही हॉर्मोन आणि इनहिबिन ए मिळून एफएसएच व एलएच खाली दाबून ठेवतात, म्हणून वरचा पट्टा इथे जवळजवळ सपाट असतो. शरीराचं विश्रांतीतलं तापमान याच काळात 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वाढलेलं असतं.

तळाच्या पट्ट्याची उंची आता फारशी वाढवू नका, त्याचं रूप बदला. सरळ ग्रंथी नागमोडी काढा, त्यांत ग्लायकोजेनयुक्त स्राव दाखवा, सर्पिल धमन्यांना अधिक वेटोळे द्या. इस्ट्रोजेनने वाढवलेलं अस्तर प्रोजेस्टेरॉन रुजवणीयोग्य करतं. आधी इस्ट्रोजेनने प्रोजेस्टेरॉनचे ग्राही तयार केलेले असतात, म्हणूनच हे जमतं.

दिवस 23 ते 28

गर्भ रुजला नाही तर पीतपिंड सुकतं आणि दोन्ही हॉर्मोन घसरतात. प्रोजेस्टेरॉनचा आधार सुटला की अस्तरात प्रोस्टाग्लँडिन वाढतात, सर्पिल धमन्या आकुंचन पावतात, कार्यशील थराला रक्त मिळेनासं होतं आणि तो गळतो. हेच प्रोस्टाग्लँडिन गर्भाशयाच्या स्नायूलाही आवळतात. पाळीतल्या कळा तिथून येतात. त्या वेदनेला खरं, मोजता येणारं रासायनिक कारण आहे, हे प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावं.

उतरत्या प्रोजेस्टेरॉनच्या रेषेशेजारी एक तुटक रेषा वरच्या पातळीवर ठेवा. गर्भ रुजला तर त्याचं एचसीजी हे हॉर्मोन, एलएचची जागा घेऊन, पीतपिंडाला जिवंत ठेवतं आणि अस्तर गळत नाही.

रेघ लांबली तर

प्रौढ वयात 21 ते 35 दिवसांचं चक्र सर्वसाधारण धरलं जातं. 35 दिवसांच्या चक्रासाठी तुमच्या रेघेत सात सेंटिमीटर वाढवायचे असतील, तर ते पुटिकेच्या टप्प्यात, अंडोत्सर्गाच्या आधी घाला. पीतपिंडाचं आयुष्य साधारण 14 दिवसांचं असतं आणि ते फारसं बदलत नाही. म्हणजे अशा चक्रात अंडोत्सर्ग एकविसाव्या दिवसाच्या आसपास होतो आणि प्रोजेस्टेरॉनचा माथा अठ्ठाविसाव्या दिवसाजवळ येतो. अंडोत्सर्ग झाला का हे पाहण्यासाठी करायची प्रोजेस्टेरॉनची तपासणी कुणी सवयीने एकविसाव्या दिवशीच केली, तर आकडा कमी येईल आणि अंडाशय ठीक असूनही बिघाडाची शंका घेतली जाईल. ती तपासणी पुढच्या पाळीच्या अपेक्षित तारखेपासून मागे सात दिवस मोजून करायची.