विषय: ऑर्डर क्र. ४०७१९२६ – अर्धा इंची नळाऐवजी पाऊण इंची आट्यांचा नळ आला आहे, बदलून मिळावा (कृपया पाठवण्यापूर्वी मोजून पाठवा)

नमस्कार,

२ मार्चला मी तुमच्याकडून भिंतीत बसवायचा, फिरत्या तोटीचा क्रोम सिंक कॉक मागवला होता. ऑर्डर क्रमांक वर दिला आहे. ७ मार्चला पार्सल मिळालं. तुमच्या पानावर या नळाचा साइज ‘१५ एमएम (१/२ इंच)’ असा दिला आहे आणि मीही तोच निवडला होता. खोक्यावरच्या लेबलवरही १५ एमएमच छापलं आहे. आत निघालेल्या नळाचे आटे मात्र पाऊण इंची, म्हणजे २० एमएमचे आहेत. मला हा नळ परत करून त्याच मॉडेलचा अर्धा इंची नळ हवा आहे. पैसे परत नकोत. नळ दिसायला चांगला आहे, वजनदार आहे, तोटीची लांबी आमच्या सिंकला बरोबर पुरते. चुकलेत ते फक्त आटे.

हाच मजकूर थोडक्यात मी ८ मार्चला तुमच्या परतीच्या फॉर्ममध्ये भरला होता. ९ तारखेला उत्तर आलं, ‘फोटोतील लेबल ऑर्डरशी जुळते, त्यामुळे वस्तू योग्य आहे’ आणि विनंती बंद झाली. लेबल ऑर्डरशी जुळतं हे मलाही मान्य आहे. तक्रार लेबलबद्दल नाहीच. खोक्यात जे आहे ते लेबलशी जुळत नाही, म्हणून या वेळी सगळं सविस्तर लिहिते आहे. हे पत्र फॉर्म तपासणाऱ्याकडे न जाता ज्यांना नळ हातात घेऊन बघता येईल अशा कुणाकडे गेलं तर बरं होईल.

आता मोजमाप. प्लंबरने नळ खोक्यातून काढून भिंतीतल्या एल्बोपाशी नेला आणि न लावताच परत माझ्या हातात दिला. “ताई, हा पाऊण इंची आहे, तुमची लाइन चार सुताची.” माझा आधी विश्वास बसला नाही, कारण खोकं माझ्यासमोर होतं. माझे वडील टर्नर होते, त्यांचा व्हर्निअर घरात आहे. त्याने नव्या नळाच्या आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला तर २६.४ मिलिमीटर आला. मग काढून ठेवलेला जुना नळ त्याच व्हर्निअरने मोजला, तो भरला २०.९. हा जुना नळ इतकी वर्षं त्याच एल्बोमध्ये होता, त्यामुळे लाइन अर्धा इंची आहे याबद्दल शंका उरत नाही. प्रमाणित मापंही हेच सांगतात. अर्धा इंची बीएसपी आट्यांचा बाहेरचा व्यास २०.९५५ मिलिमीटर असतो आणि पाऊण इंचीचा २६.४४१. दोन्हींत साडेपाच मिलिमीटरचा फरक आहे. मोजताना माझा हात हलला असं धरलं तरी इतका हलणार नाही.

हे आकडे देण्याला आणखी एक कारण आहे. काल चॅटवर तुमच्या प्रतिनिधींशी बोलताना एक घोळ झाला. मी सांगितलं की जुना नळ साधारण २१ मिलिमीटर भरतो. त्यावर ते म्हणाले, “म्हणजे तुम्हाला २० एमएमच लागतो, आम्ही बरोबर पाठवलाय.” त्यांना दोष देत नाही, नावच फसवं आहे. पाइपच्या आट्यांना अर्धा इंच किंवा १५ एमएम म्हणतात ते जुन्या लोखंडी पाइपच्या आतल्या पोकळीवरून. आटे पाइपच्या बाहेरून पाडलेले असल्यामुळे बाहेरून मोजलं की १५ ऐवजी २१च्या आसपास भरतं. त्याच हिशेबाने ‘२० एमएम’ म्हणवणारा नळ बाहेरून साडेसव्वीसला येतो. म्हणजे फूटपट्टीवरच्या २१ला ‘२० एमएम’च्या रकान्यात टाकलं की चूक पक्की. तुमच्या पानावर साइजच्या खाली ‘आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिमी’ एवढी एक ओळ टाकलीत तर माझ्यासारखे बरेच ग्राहक आणि तुमचे चॅटवरचे लोक दोघंही सुटतील.

त्यांनी मला आटे मोजून संख्या कळवायलाही सांगितलं होतं. मोजले. साधारण १५ मिलिमीटरच्या पट्ट्यात आठ आटे बसतात. पण त्यावरून काहीच ठरत नाही. बीएसपीमध्ये अर्धा इंची आणि पाऊण इंची दोन्हींना इंचाला १४च आटे असतात. फरक फक्त व्यासात दिसतो. आटे मोजून ‘बरोबर आहे’ असं कुणी सांगितलं तर कृपया ते ग्राह्य धरू नये.

दुसरी सूचना होती ती रिड्यूसर लावण्याची. ‘बाजारात मिळतो, लावून घ्या, खर्चाची पावती पाठवा’ असं मला सांगण्यात आलं. सल्ला चांगल्या हेतूने दिला असेल, पण मला तो मान्य नाही, आणि यात हट्ट नाही. आमचा एल्बो टाइल्सच्या पातळीत बसवलेला आहे. एका बाजूने अर्धा आणि दुसऱ्या बाजूने पाऊण इंच करणारा तुकडा मध्ये घातला की नळ तेवढा भिंतीपासून पुढे येणार, आणि नळाबरोबर आलेली फ्लँज भिंतीला न टेकता अधांतरी राहणार. मागचं भोक उघडं, तिथून पाणी आत झिरपणार. शिवाय हा फिरत्या तोटीचा नळ आहे. दिवसातून पन्नास वेळा तोटी डावी-उजवीकडे ढकलली जाते. तो सगळा जोर आटे पकडून असलेल्या जोडावर येतो. तिथे एकाऐवजी दोन जोड करायचे आणि तेही भिंतीपासून पुढे आलेले, हे प्लंबरलाही पटलं नाही. गळती भिंतीच्या आत सुरू झाली तर ती आम्हाला कळेपर्यंत पलीकडच्या खोलीचा रंग फुगलेला असेल. नवा नळ घेऊन पहिल्याच दिवसापासून तो जुगाडावर लावायचा, यासाठी मी तो मागवला नव्हता.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि घाईत वाचत असाल तर निदान एवढं जरूर वाचा. लेबल १५चं आणि माल २०चा, याचा अर्थ चूक माझं पार्सल बांधताना झालेली नसावी. ती त्याआधी, खोक्यात नळ भरताना झालेली दिसते. गोदामातल्या माणसाने लेबल वाचूनच खोकं उचललं असणार, आणि त्याने ते बरोबरच उचललं. तेव्हा ‘एक्स्चेंज मंजूर’ असं बटण दाबून त्याच ढिगातलं पुढचं खोकं मला पाठवलंत तर त्यातही पाऊण इंचीच नळ निघण्याची बरीच शक्यता आहे. मग हेच पत्र मला तारीख बदलून पुन्हा लिहावं लागेल. म्हणून माझी विनंती अशी, की पाठवण्यापूर्वी खोकं उघडा, आट्यांवर कॅलिपर किंवा साधी पट्टी धरा आणि त्या स्थितीतला एक फोटो मला ईमेलवर पाठवा. २१च्या आसपास दिसलं की माझ्याकडून लगेच होकार. खोकं उघडलेलं, सील नसलेलं आलं तरी माझी हरकत असणार नाही, हे इथेच लिहून देते.

तुमच्याकडचा सगळाच साठा असा निघाला, तर फिरत्या तोटीचा, भिंतीत बसणारा दुसरा कुठला अर्धा इंची नळ त्याच किमतीत देता येईल ते कळवा, मी बघून सांगेन. तसाही नसेल तर मात्र पूर्ण पैसे परत करावेत. पण तो शेवटचा पर्याय.

सोबत पाच फोटो जोडले आहेत. पहिला खोक्यावरच्या लेबलचा, ज्यात १५ एमएम आणि बॅच क्रमांक दोन्ही वाचता येतात. दुसऱ्यात नव्या नळाचे आटे व्हर्निअरच्या जबड्यात आहेत, तिसऱ्यात जुन्या नळाचे. चौथ्यात दोन्ही नळ शेजारी शेजारी उभे ठेवले आहेत, हा एकच फोटो पाहिलात तरी काम होईल. पाचवा भिंतीतल्या एल्बोचा, त्याच्या तोंडाशी नवा नळ धरून काढलेला. नळ त्यात शिरलेला नाही, नुसता टेकवला आहे. फॉर्मसोबत हाच फोटो पाठवल्यावर ‘वस्तू बसवून पाहिलेली आहे’ असा शेरा आला होता, म्हणून स्पष्ट करते: हा नळ एक आटाही फिरलेला नाही, फिरूच शकत नाही. आट्यांवर टेफ्लॉन टेप लावलेली नाही, पान्याचा ओरखडा नाही, क्रोमवरची प्लॅस्टिकची पट्टीही जशीच्या तशी आहे. फ्लँज, वॉशर, माहितीपत्रक, थर्माकोल सगळं मूळ खोक्यात ठेवलं आहे. उचलायला येणाऱ्या माणसाने दारात उघडून तपासलं तरी चालेल.

तुमच्या नियमानुसार बदलून घेण्याची मुदत पोहोचल्यापासून दहा दिवस, म्हणजे १७ मार्चपर्यंत आहे. मी पहिली विनंती ८ मार्चला केली होती. ती मुदतीत होती याची नोंद कृपया आत्ताच करून ठेवावी. मोजमाप, फोटो आणि उत्तरांच्या फेऱ्यांत १७ तारीख उलटली तर ‘मुदत संपली’ असं उत्तर मला नको आहे. परत नेण्याचा आणि नवा पाठवण्याचा खर्चही तुमच्याकडेच असावा, हे सांगायची गरज पडू नये, पण फॉर्मवर ‘ग्राहकाने भरावयाचे शुल्क’ असा रकाना दिसला म्हणून लिहिते.

सध्या भिंतीतल्या एल्बोला डमी लावून ठेवली आहे आणि सिंकला पाणी बादलीने चालू आहे. जुना नळ पुन्हा लावता आला असता, पण तो काढताना त्याची मान तुटली. त्यामुळे उशीर झाला तर अडचण आमचीच आहे. शक्य असल्यास १२ मार्चपर्यंत मोजलेल्या नळाचा फोटो आणि हा चुकीचा नळ उचलण्याची तारीख कळवावी. बदलीचा नळ आधी देणं आणि चुकीचा नेणं एकाच फेरीत, असं जमलं तर प्लंबरला एकदाच बोलवावं लागेल. सकाळी दहापर्यंत किंवा संध्याकाळी सहानंतर घरी कुणीतरी असतंच. फोन करायचा असेल तर ऑर्डरमध्ये नोंदलेल्या क्रमांकावर करावा, पण जे ठरेल ते ईमेलवरही लिहून पाठवावं. चॅटवरचं बोलणं खिडकी बंद केली की माझ्याकडे राहत नाही.

कळावे,

सुनंदा
(ऑर्डर क्र. ४०७१९२६)
१० मार्च

ता. क. – त्याच लेबलची खोकी आणखी कुणाला पाठवायची असतील तर त्यातलं एखादं आधी उघडून बघाच. सगळ्यांच्या घरी व्हर्निअर नसतो, आणि एखाद्याने पाऊण इंची नळ अर्ध्या इंचीत जोर लावून घुसवायचा प्रयत्न केला तर त्याच्या भिंतीतल्या एल्बोचे आटे जातील.