वैद्यकीय कारणास्तव स्वेच्छासेवानिवृत्ती मिळण्याबाबत अर्ज

दिनांक : १६ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाटबंधारे विभाग, परभणी

मार्फत : मा. उपविभागीय अभियंता, पाटबंधारे उपविभाग, पाथरी

अर्जदार : ज्ञानोबा माणिकराव जाधव, कालवा निरीक्षक

विषय : महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील नियम ६६ अन्वये तीन महिन्यांची नोटीस.

महोदय,

मी १२ ऑगस्ट १९९९ रोजी शासकीय सेवेत रुजू झालो. माझी जन्मतारीख ४ जून १९७३ असून नियत वयोमानानुसार मी ३० जून २०३१ रोजी निवृत्त होणार आहे. सेवेला वीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे. दिनांक ३१ मे २०२६ रोजी मध्यान्होत्तर मला सेवानिवृत्त करावे, ही विनंती.

२०१९ मध्ये मला दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असल्याचे निदान झाले. २०२१ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. औषधाने फक्त उरलेली राखता येते. कालवा निरीक्षकाचे काम आवर्तन सुटले की रात्रीचेच असते : चारीचे दार किती उघडे आहे ते पाहायचे, टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचले का ते तपासायचे, वरच्या अंगाला कुणी दार उचलले असेल तर तिथेच मिटवायचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये रब्बीच्या पाळीत जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या सेवा रस्त्यावर कडेचा उतार मला दिसलाच नाही आणि मी मोटारसायकलसह खाली गेलो. पाण्यावर आलेल्या दोघा शेतकऱ्यांनी मला बाहेर काढले. त्या रात्रीनंतर आवर्तनावर जाणे हा माझ्याइतकाच इतरांच्या जिवाचाही प्रश्न आहे, हे मला मान्य करावे लागले.

कार्यालयाच्या पत्रान्वये दिनांक १९ जानेवारी २०२६ रोजी मी वैद्यकीय मंडळासमोर हजर झालो. मंडळाचा अभिप्राय असा :

"दोन्ही डोळ्यांत प्राथमिक विवृत कोन काचबिंदू, प्रगत अवस्था. उजव्या डोळ्यास केवळ प्रकाशाची जाणीव. डाव्या डोळ्याची दृष्टी चष्म्यासह ६/२४, दृष्टिक्षेत्र मध्यबिंदूभोवती १० अंशांच्या आत. हानी कायमस्वरूपी असून सुधारणा अपेक्षित नाही. कालवा निरीक्षक पदाच्या क्षेत्रीय व रात्रीच्या कामास, तसेच वाहन चालविण्यास, कायमस्वरूपी अपात्र. बैठे काम मर्यादित वेळ व मोठ्या अक्षरांच्या साहाय्याने शक्य."

यातील शेवटच्या वाक्यामुळे एक मुद्दा आधी स्पष्ट व्हावा असे वाटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास कमी करता येत नाही. समान वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर सामावून घ्यावे लागते. हा हक्क मला माहीत आहे. नमुना नंबर ७ चे अर्ज आणि मोजणी पुस्तके दिवसभर वाचण्याचे काम मात्र उरलेल्या एका डोळ्याला झेपणार नाही, म्हणून निवृत्तीचा निर्णय मी स्वतः, पत्नीशी विचार करून घेतला आहे. कुणाच्याही दबावाखाली नाही.

तरीही माझे प्रकरण नियम ६६ खालीच चालवायचे की मंडळाच्या अभिप्रायावरून रुग्णता निवृत्तिवेतनाचे प्रकरण करायचे, हे प्रथम ठरवून मला लेखी कळवावे. दोन्हींपैकी अर्हताकारी सेवेची मोजणी, सेवानिवृत्ती उपदान आणि अंशराशीकरण कुठे कसे होईल, याचा तुलनात्मक तक्ता मिळावा. रुग्णता निवृत्तीत अंशराशीकरणासाठी पुन्हा वैद्यकीय तपासणी लागणार असेल, तर ती कुठे व केव्हा, तेही सांगावे. निवृत्तिवेतनाच्या चाळीस टक्के रकमेचे अंशराशीकरण करण्याचा माझा मानस आहे. मुलीच्या नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाचे शुल्क त्यातूनच भागवायचे आहे.

शस्त्रक्रियेनंतर वैद्यकीय प्रमाणपत्रावर घेतलेली ४७ दिवसांची असाधारण रजा सेवापुस्तकात केवळ "विनावेतन" अशी नोंदली आहे, प्रमाणपत्राचा उल्लेख नाही. ही नोंद दुरुस्त झाली नाही तर ते दिवस अर्हताकारी सेवेतून वगळले जातील, म्हणून प्रकरण महालेखापाल, नागपूर यांच्याकडे जाण्याआधी दुरुस्ती व्हावी. प्रमाणपत्राची प्रत सोबत आहे. माझ्या खाती २१२ दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे, तिचे रोखीकरण आणि गटविमा योजनेची बचत रक्कम किती होईल ते कळवावे. भविष्य निर्वाह निधीचा अंतिम परतावा निवृत्तीच्या महिन्यातच मिळावा, कारण उपचार थांबवता येत नाहीत.

वरील उत्तरे मिळेपर्यंत या अर्जाने कलम २०(४) खालील माझा हक्क सोडला असे समजू नये. लाभांचे चित्र पाहून निवृत्तीच्या तारखेआधी ही नोटीस मागे घेण्याची वेळ आली, तर तशी परवानगी मागण्याचा अधिकारही मी राखून ठेवतो.

माझ्याविरुद्ध विभागीय चौकशी प्रलंबित नाही. सरकारी मोटारसायकल, गेजपट्टी आणि दारांच्या चाव्या मी ३ फेब्रुवारी रोजी शाखा कार्यालयात जमा केल्या असून पोच सोबत आहे.

आपला विश्वासू,
ज्ञानोबा माणिकराव जाधव
कालवा निरीक्षक, पाथरी

सोबत : वैद्यकीय मंडळाच्या अभिप्रायाची साक्षांकित प्रत, दृष्टिक्षेत्र तपासणीचे अहवाल, २०२१ चे वैद्यकीय प्रमाणपत्र, साहित्य जमा केल्याची पोच, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पत्नीचे नामनिर्देशन.