नानांना निरोप

नाना, वहिनी आणि डब्याची सगळी मंडळी,

मघाशी वर साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, गुजरातीत छान बोलले, सर्व्हिस बुकातल्या तारखाही वाचल्या. १९८९ साली टायपिस्ट म्हणून लागले, आज ३६ वर्षांनी मोटर क्लेममधून निवृत्त. सगळं बरोबर. इथे कँटीनमध्ये आपण घरचेच, तेव्हा बुकात नसलेलं तेवढं मी सांगतो.

मी २०११ ला आलो. पहिल्याच आठवड्यात एका रिक्षावाल्याची फाइल नामंजूर लिहून नानांपुढे ठेवली. कारण काय, तर अपघात उशिरा कळवला. नानांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "हा माणूस चार दिवस सयाजी हॉस्पिटलात पडून होता. डिस्चार्जचा कागद शेवटी टाचलाय. फाइल मागून वाचत जा." तेव्हापासून मी फाइल मागून वाचतो. नवीन मुलं हसतात.

नाना रागीट आहेत. वहिनी मान हलवताहेत बघा. प्रत्येक ईमेलचं प्रिंट काढायचा हट्ट आणि पंख्याच्या रेग्युलेटरवरची मालकी, यावर मी आज बोलणार नाही.

पण ३१ जुलै २०१९ आठवतंय ना? एका दिवसात वीसेक इंच पाऊस. अलकापुरीचं गरनाळं भरलं, विश्वामित्री लोकांच्या घरात, सोसायट्यांमध्ये मगरी. पाणी उतरायच्या आधीच आपले फोन सुरू झाले. दिवसभर नाना एकच सांगत होते, "गाडी चालू होते का बघू नका. स्टार्टर मारू नका, टो करून गॅरेजला न्या." इंजिनात पाणी असताना किल्ली फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि तो खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही, इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं लागतं. हे फोनवर सांगत बसा असं नानांना कुणी सांगितलं नव्हतं. किती जणांची इंजिनं त्यामुळे वाचली, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही, कारण ते क्लेम आलेच नाहीत.

त्या आठवड्यात दांडिया बाजारात नानांच्या स्वतःच्या घरातही गुडघाभर पाणी होतं. आम्हाला कळलं गणपतीत, तेही वहिनींकडून.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा फोनवर ते वाक्य मी म्हणत होतो. मागून नानांचा आवाज, "हळू सांग, समोरचा घाबरलाय."

नाना, पाकिटात काय आहे ते घरी जाऊन बघा. टेबलाची किल्ली मात्र आत्ता माझ्याकडे द्या, नाहीतर सवयीने खिशात घालून न्याल. आणि चला, सेव-उसळ गार होतेय. तरी तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवलीय, झणझणीत.